आयत एकच, अर्थ दोन: जमातीबाहेरच्या स्थळाचा प्रश्न

वाचकाचे पत्र

माझी मुलगी २७ वर्षांची असून शाळेत शिक्षिका आहे. तिला ज्या मुलाशी निकाह करायचा आहे तो मुसलमानच आहे, शिकलेला आहे, पण आमच्या जमातीचा नाही. त्याचे आजोबा गावोगावी फिरून कापूस पिंजत असत. मुलीने घरातल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘तुम्ही एकमेकांना ओळखावे म्हणून तुमच्या जाती-जमाती केल्या’ ही कुरआनातील आयत टाकली. तिचे अब्बा म्हणाले, ‘त्याच आयतीत अल्लाहने जमाती बनवल्या असे लिहिले आहे, त्याने बनवलेले मोडणारी तू कोण?’ आता भावकीत त्या मुलाच्या घराविषयी नाही-नाही ते बोलले जाते. बापलेक दोघेही मला विचारतात की आयत कोणाच्या बाजूची आहे. मी कुरआन अरबीत वाचते, पण अर्थ मला समजत नाही. मी काय सांगू?

उत्तर

ताई, आयत आपल्या बाजूची असली पाहिजे असे तुमच्या घरातील दोघांनीही गृहीत धरले आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. दोघांनीही तिचा एकेक तुकडा उचलला आहे. तुमच्या पतींनी ‘बनवल्या’ हे क्रियापद घेतले आणि मुलीने ‘ओळखावे म्हणून’ हा हेतू घेतला. तुम्ही अरबी वाचता, म्हणजे मुसहफ घरात आहेच. त्यातील एकोणपन्नासावी सूरह, अल-हुजुरात, काढा. ती अवघ्या अठरा आयतींची आहे आणि वाद ज्या आयतीवरून चालला आहे ती तेरावी आहे.

तिचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो: लोकहो, आम्ही तुम्हाला एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण केले आणि तुमचे लोकसमूह व कबीले केले, ते तुम्ही एकमेकांना ओळखावे म्हणून, तुमच्यात अल्लाहजवळ सर्वांत सन्माननीय तो, जो सर्वांत अधिक तकवा बाळगतो, अल्लाह सर्व जाणणारा आणि सर्वांची खबर असलेला आहे. वाक्य एकच आहे, परंतु त्यात चार पायऱ्या आहेत: उगम एक, गट अनेक, गटांचा हेतू ओळख, आणि मोठेपणाचे माप मात्र वेगळे. तुमचे पती दुसऱ्या पायरीवर थांबले. मुलीने तिसरी सांगितली, पण चौथी सांगितली नाही, आणि या तंट्याचा निकाल खरे तर चौथीत आहे.

आधी पतींचे म्हणणे नीट ऐकून घेऊ, कारण ते सर्वस्वी चुकीचे नाही. आयत कबीले मोडून टाका असे म्हणत नाही. ज्याला आपण ‘ओळखणे’ म्हणतो तो मूळ शब्द ‘लि-तआरफू’ आहे; त्यातील ‘लि’ म्हणजे ‘यासाठी’, आणि क्रियापदाचे रूप परस्परतेचे आहे, म्हणजे मी तुला ओळखावे आणि तू मला. उर्दूत आपण ‘तआरुफ करून देणे’ म्हणतो, तो शब्द याच मुळापासून आला आहे. तबरीसारख्या जुन्या भाष्यकारांनी या ओळखीचा अर्थ प्रामुख्याने नात्यांची ओळख असा घेतला आहे: कोण कोणाच्या जवळचा आणि कोण दूरचा, हे कळावे. तिर्मिजींच्या संग्रहातील एक हदीसही सांगते की आपल्या वंशावळीची इतकी माहिती ठेवा की नाती जोडून ठेवता येतील. निरनिराळ्या संस्कृतींनी एकमेकींचा परिचय करून घ्यावा हा अर्थ आज आपण सहज काढतो, आणि आयत ‘लोकहो’ अशी सुरू होत असल्यामुळे तो काढायला जागाही आहे. परंतु जुन्या भाष्यांत तो पहिला नाही. म्हणून मुलीने ‘जमाती अल्लाहला मान्यच नाहीत’ असे म्हटले, तर अब्बा तिला आयतीच्याच आधारे अडवू शकतील.

मात्र ज्या हेतूसाठी गट केले तो हेतू वाक्यातच सांगितलेला असल्यामुळे, दुसऱ्या कोणत्या हेतूसाठी ते वापरायचे असतील तर त्याला या आयतीचा आधार राहत नाही. जमात ही नातेवाइकांची आठवण ठेवण्यासाठी, आजारपणात धावून जाण्यासाठी, मयतीला खांदा देण्यासाठी असेल तर ती तआरुफच्या कक्षेत आहे. ती कोणाचे आजोबा काय काम करीत होते यावरून त्याच्या नातवाची पायरी ठरवण्यासाठी वापरली, तर आपण चौथ्या पायरीच्या विरुद्ध गेलो. अरबी शब्दही इथे बोलका आहे. ‘अकरम’ म्हणजे सर्वांत सन्माननीय; इस्लामपूर्व अरबस्तानात हा मान कुळावरून आणि वाडवडिलांच्या पराक्रमावरून सांगितला जात असे. आयतीने तोच शब्द ठेवला आणि त्याचे माप बदलले. मक्का जिंकल्यानंतरच्या भाषणात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाडवडिलांवरून चालणारी अज्ञानकाळातील घमेंड अल्लाहने दूर केली आहे, सारे लोक आदमची लेकरे आणि आदम मातीपासून झालेला, असे सांगून हीच आयत म्हटल्याचे तिर्मिजींनी नोंदवले आहे.

आता आयतीच्या आधी काय आहे ते पाहा, कारण घरातील भांडणाला सर्वांत उपयोगी पडेल असा भाग तिथे आहे आणि गटावर टाकलेल्या एका ओळीत तो येऊ शकत नाही. या सूरहमध्ये ‘ईमान बाळगणाऱ्यांनो’ अशी हाक पाच वेळा येते: पहिल्या, दुसऱ्या, सहाव्या, अकराव्या आणि बाराव्या आयतीत. तेराव्या आयतीत ती एकाएकी ‘लोकहो’ अशी होते. त्यापूर्वीच्या अकराव्या आयतीत सांगितले आहे की एका समूहाने दुसऱ्याची टवाळी करू नये, ज्यांची टवाळी होते आहे ते कदाचित अधिक चांगले असतील. स्त्रियांनी स्त्रियांची करू नये. एकमेकांना टोमणे मारू नयेत आणि टोपणनावांनी हिणवू नये. बाराव्या आयतीत पुष्कळसे संशय टाळा, कोणाच्या मागावर राहू नका, पाठीमागे निंदा करू नका असे सांगून निंदेची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे. टवाळी, टोपणनाव, संशय, टेहळणी, निंदा, आणि त्यानंतर लगेच ‘तुमचे कबीले ओळखीसाठी केले’. त्यामुळे तेरावी आयत नुसते सुविचाराचे वाक्य राहत नाही. आधीच्या दोन आयतींत जे दोष सांगितले त्यांच्या मुळाशी असलेली कुळाची घमेंड ती उपटते. तुमच्या भावकीत ‘पिंजाऱ्याचे घर’ असे ज्या सुरात म्हटले जात असेल, तो सूर अकराव्या आयतीत येतो. व्यवसायाचे नाव वाईट नाही. कापूस पिंजणे हे कष्टाचे आणि कसबाचे काम होते. नाव घेताना तोंड कसे होते, यावर सगळे आहे.

ही आयत कोणत्या प्रसंगी उतरली याविषयी जुन्या ग्रंथांत एकापेक्षा अधिक हकिकती आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. सर्वांत प्रसिद्ध हकिकत वाहिदींनी दिली आहे: इसवी सन ६३० मध्ये मक्का जिंकल्याच्या दिवशी हजरत बिलाल यांनी काबागृहावर चढून अजान दिली, तेव्हा कुरैशांपैकी एकाने ‘हे पाहण्याआधी बाप गेला ते बरे झाले’ असे म्हटले आणि दुसऱ्याने बिलाल यांच्या काळ्या रंगावरून त्यांना कावळा म्हटले. सूरहच्या आरंभीच्या आयतींचा संबंध मात्र बनू तमीमच्या शिष्टमंडळाशी, म्हणजे त्यानंतरच्या हिजरी ९ या वर्षाशी लावला जातो. एकाच सूरहमधील आयती वेगवेगळ्या वेळी उतरलेल्या असू शकतात, त्यामुळे यात विरोध आहेच असे नाही. तरीही ‘आयत याच घटनेमुळे उतरली’ असे ठामपणे सांगणाऱ्यांपासून थोडे सावध राहावे.

तुमच्या घरासाठी मला दुसरी हकिकत जवळची वाटते. मदीनेत अबू हिंद नावाचे एक गृहस्थ तुंबड्या लावून रक्त काढण्याचे काम करीत. ते बनू बयादा या कुळाचे मवाली होते, म्हणजे त्या कुळाच्या आश्रयाला असलेले, मूळ कुळातले नव्हेत. प्रेषितांनी त्या कुळाला अबू हिंद यांच्याशी सोयरीक करायला सांगितले. अबू दाऊद यांच्या सुननमध्ये हा सल्ला अबू हुरैरा यांच्या हवाल्याने आला आहे. त्यावर कुळातील लोक ‘आमच्या मुली आम्ही आमच्या मवालींना द्यायच्या का?’ असे म्हणाले आणि तेव्हा तेरावी आयत उतरली, हा पुढचा भाग मात्र सहाबींच्या नंतरच्या पिढीतील जुहरींकडून आलेला आहे आणि मधल्या सहाबींचे नाव त्यात नाही. अशा हकिकतीला हदीसशास्त्रात मुरसल म्हणतात आणि अबू दाऊद यांनी ती मुरसल हकिकतींच्या वेगळ्या संग्रहात ठेवली. म्हणजे सोयरिकीचा सल्ला अधिक भक्कम आधारावर उभा आहे आणि आयतीशी असलेला त्याचा दुवा तुलनेने कच्चा आहे. मुलीने ही गोष्ट अब्बांना सांगायची असेल तर हा फरक ठेवून सांगावी. जाणकाराने एक कच्चा दुवा दाखवला की पुढचे पक्के बोलणेही मग कोणी ऐकत नाही.

इथे तुमचे पती, किंवा त्यांच्या बाजूने कोणी मौलवीसाहेब, ‘कुफू’ हा शब्द काढतील. निकाहात वधूवरांच्या घरांचा मेळ असावा, हा तो विचार. आपल्याकडे कोकणातील बरेच मुसलमान शाफई आहेत आणि घाटावर बहुतेक हनफी. तुमचे घर हनफी असेल असे धरून बोलतो. हनफी फिकहमध्ये कुफूत कुळाचा विचार खरोखरच केला आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. इमाम मालिक आणि सुफयान सौरी यांनी मात्र कुळाची अट मानली नाही, ते धार्मिकतेकडे पाहत. हनफी विचारातही कुळाची उतरंड मुख्यतः अरबांसाठी आहे: कुरैश एकमेकांना समान, इतर अरब एकमेकांना समान. अरबेतरांसाठी कूळ नव्हे, तर किती पिढ्या इस्लाममध्ये गेल्या हे पाहिले जाई. भारतात जमातींची उतरंड आली ती या जुन्या चौकटीत आपला समाज बसवून. कसबांच्या मेळाविषयी तर खुद्द अबू हनीफांचीच दोन मते नोंदलेली आहेत. आणि बाराव्या शतकातील मरगीनानी यांच्या ‘हिदाया’ या प्रसिद्ध हनफी ग्रंथात कुळाचा विचार का करायचा याचे कारण दिले आहे ते असे, की लोक कुळावरून फुशारकी मारतात. ताई, या कारणावर जरा थांबा. कुळाची फुशारकी योग्य आहे असे त्या फकीहाने म्हटलेले नाही. लोक ती मारतातच, म्हणून त्यांच्यात नांदायला जाणाऱ्या मुलीला त्रास होऊ नये, असा व्यवहार त्यामागे आहे. तेराव्या आयतीने जी फुशारकी नाकारली तिचीच ही काळजीपूर्वक घेतलेली दखल आहे.

शिवाय कुफू हा मुलीचा आणि तिच्या वलीचा हक्क मानला आहे, आणि हक्क सोडता येतो. मुलगी राजी आणि वडील राजी असतील तर कूळ वेगळे असूनही निकाहात कोणतीही उणीव राहत नाही. म्हणून ‘हे धर्मात बसत नाही’ असे पतींना म्हणता येणार नाही. ‘मला हे पटत नाही’ असे ते म्हणू शकतात, आणि ते वेगळे बोलणे आहे. हा एक फरक त्यांनी मान्य केला तरी घरातील निम्मा ताण उतरेल, कारण मग मुलीला धर्माशी भांडावे लागणार नाही, फक्त बापाची समजूत काढावी लागेल.

मुलीलाही एक गोष्ट सांगा. चौथ्या पायरीवरचा तकवा, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून जपून वागणे, हा मनातला आहे, आणि आयतीचा शेवट ‘अल्लाह जाणणारा आहे’ असा करून त्याचे मोजमाप माणसांच्या हातून काढून घेतले आहे. ‘आमच्यापेक्षा तो मुलगा जास्त नमाजी, म्हणून तोच श्रेष्ठ’ असे ती म्हणाली तर कुळाच्या जागी दुसरी शिडी उभी राहील. चौदाव्या आयतीत लगेचच ईमान बाळगल्याचा दावा करणाऱ्या बद्दूंना सांगितले आहे की तुम्ही ईमान बाळगले असे म्हणू नका, शरण आलो एवढेच म्हणा. ईमान अजून तुमच्या अंतःकरणात उतरलेले नाही. कुळाची घमेंड मोडल्यावर धार्मिकतेची घमेंड समोर ठेवली आहे, ही मांडणी मला या सूरहमधील फार बारीक गोष्ट वाटते.

मग स्थळ पाहायचे कसे? सहीह मुस्लिममध्ये फातिमा बिन्त कैस यांची हकिकत आहे. त्या कुरैशी. त्यांना मुआविया आणि अबू जहम यांच्याकडून मागणी आली आणि त्यांनी प्रेषितांना विचारले. प्रेषितांनी अबू जहम यांच्या स्वभावाविषयी सांगितले की त्यांच्या खांद्यावरून काठी उतरत नाही, मुआविया यांच्याविषयी सांगितले की त्यांच्याजवळ पैसा नाही, आणि सल्ला दिला तो उसामा बिन जैद यांच्याशी निकाह करण्याचा. उसामांचे वडील मुक्त केलेले गुलाम. फातिमांना आधी हे आवडले नाही, हे त्या स्वतःच सांगतात. पुढे निकाह झाला आणि त्यात इतके भले झाले की लोकांना हेवा वाटे, असेही त्याच सांगतात. इथे दोन्ही कुरैशी स्थळांच्या बाबतीत माणूस पाहिला गेला: हात उगारतो का, घर चालवू शकतो का. पैशाचा विचार वर्ज्य नव्हता, आणि उणीव लपवलीही गेली नाही.

हीच चौकशी तुम्ही करा, आणि ती पतींच्या हातून करवून घ्या. कागदावर त्यांना त्यांच्या सगळ्या हरकती लिहायला सांगा आणि त्यांची विभागणी दोघांनी मिळून करा. मुलाचा पगार, त्याच्यावरचे कर्ज, राग, व्यसन, मुलीची नोकरी पुढे चालू राहील का, सासरी किती माणसे, कोण कोणाला सांभाळते, मेहेर किती, या हरकती तपासता येतात आणि तपासल्याच पाहिजेत. ‘त्यांचे आजोबा’ किंवा ‘लोक काय म्हणतील’ ही हरकत तपासून मुलाविषयी काहीच कळत नाही. ती आपल्याविषयी आहे. चौकशीत पहिल्या प्रकारचा खरा दोष निघाला तर मुलीनेही मागे फिरण्याची तयारी ठेवली पाहिजे, हे तिला आधीच सांगून ठेवा. आयत तिच्या पसंतीची हमी देत नाही.

भावकीत जे बोलले जाते त्यासाठी याच सूरहची सहावी आयत आहे: कोणी बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कोणाला इजा कराल आणि मग पस्तावाल. त्या घराविषयी कोणी काही सांगितले की एकच प्रश्न विचारा, ‘तुम्ही स्वतः पाहिले का?’ उत्तर ‘नाही, ऐकले’ असे आले तर ते पतींच्या कानावर घालू नका. गावातील त्यांच्या शेजाऱ्यांना, मुलाच्या कामावरच्या माणसाला, त्यांच्या मशिदीतील इमामांना थेट भेटून विचारणे अधिक बरे. ही चौकशी उघड असावी, ‘आम्ही मुलीसाठी विचारतो आहोत’ असे सांगून केलेली. छुपी टेहळणी बाराव्या आयतीने वर्ज्य केली आहे.

जमात तुटेल ही भीती तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण ती ओळींमध्ये दिसते. ती खोटी नाही: धाकट्या मुलांची लग्ने, अडीअडचणीची मदत, सणावारी येणारी माणसे, हे सगळे तिथेच आहे. जमातीची परवानगी मागायला मात्र जाऊ नका, कारण ती मागितली की नकाराचा अधिकार तुम्हीच त्यांना दिलेला असतो. घरात निर्णय झाला की जमातीतील दोन वडीलधाऱ्यांना बापाने स्वतः जाऊन कळवावे, दावत द्यावी आणि नाते पूर्वीसारखेच ठेवावे. नाती जोडून ठेवण्यासाठी वंश ओळखा म्हणणारी हदीस इथे तुमच्या पतींच्या उपयोगाची आहे. तिचे श्रेय त्यांना द्या.

आयतीवरचा वाद गटावर पुढे चालवू नये. शुक्रवारी जेवणानंतर तिघांनी बसून सहा ते चौदा या नऊ आयती मराठी किंवा उर्दू अर्थासह वाचाव्यात, आणि वाचायला अब्बांनाच सांगावे. बापाने मोठ्याने वाचलेली अकरावी आयत मुलीने पाठवलेल्या तेराव्या आयतीपेक्षा अधिक ऐकली जाईल. त्यानंतर मुलाच्या आईवडिलांना भेटायला तुम्हीच त्यांच्या घरी जा, त्यांना बोलावू नका. आजोबा हयात असतील तर पतींनी त्यांच्याजवळ बसून कोणकोणत्या गावांना ते पिंजायला जात ते विचारावे. एखादवेळेस तुमच्याच वाड्यातल्या गाद्या त्यांनी पिंजलेल्या निघतील.